बारावीच्या शेवटच्या महिन्यात किती जागायचं, किती मोबाईल बघायचा: हिशोब कसा लावायचा

जानेवारी अर्धा सरला की कोल्हापुरात बारावीचं मूल असलेल्या घरांत रात्री साधारण एकच संवाद ऐकू येतो. "बारा वाजले, अजून मोबाईलच बघालाईस व्हय रे?" "आई, लेक्चर बघालोय गं." आई म्हणते ते खरं असतं आणि पोरगं म्हणतं तेही बऱ्याचदा खरंच असतं. तरी भांडण मिटत नाही, कारण 'फार' म्हणजे नेमकं किती, हे दोघांपैकी कुणीच मोजलेलं नसतं.

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. पालक सभेत हमखास प्रश्न येतो, "सर, किती वाजेपर्यंत जागू द्यायचं?" साडेदहा, बारा, एक असा सरसकट आकडा मला देता येत नाही. तो ज्या-त्या पोराचा वेगळा निघतो. मात्र तो काढायची रीत सांगता येते, आणि ती वही-पेन घेऊन तीन-चार दिवसांत घरीच करता येते.

त्यासाठी एक पोरगा डोळ्यांसमोर घेऊ. हा कुणी एक नाही, दरवर्षी वर्गात दिसणारी चार-पाच पोरं एकत्र करून बनवलेला आहे. राहतो उचगावला, क्लास राजारामपुरीत सकाळी आठला. पूर्वपरीक्षा झालेली आहे, पुढचे काही दिवस प्रॅक्टिकलमध्ये जाणार आहेत आणि समजा पहिला लेखी पेपर १० फेब्रुवारीला सकाळी अकराला आहे. जेवण झाल्यावर नऊला बसतो, दीडपर्यंत अभ्यास करतो, अंथरुणात पडल्यावर मोबाईल चाळतो आणि दोनच्या सुमाराला झोपतो. क्लाससाठी पावणेसातला उठतो. म्हणजे पाच तासही झोप नाही. रविवारी मात्र अकरापर्यंत उठत नाही आणि आई त्याला उठवतही नाही, 'आठवडाभर जागलंय पोरगं' म्हणून.

दमलोय हे दमलेल्याला कळत नाही

या वयात, म्हणजे तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना, रोज ८ ते १० तास झोप लागते असं झोपेचे डॉक्टर सांगतात. आपल्या पोराला हे सांगितलं तर तो म्हणेल, "सर, मला पाच तास पुरतात. सवय झाली आता." आणि तो खोटं बोलत नसतो.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात निरोगी प्रौढांवर केलेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. चौदा दिवस कुणाला रोज चार तास झोपू दिलं, कुणाला सहा, कुणाला आठ. दिवसभर लक्ष आणि स्मरण तपासणाऱ्या चाचण्या घेतल्या. चार आणि सहा तासवाल्यांची कामगिरी दिवसागणिक घसरत गेली, आणि दोन आठवड्यांनी ती एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खाली आली. गंमत पुढे आहे. 'तुम्हाला किती झोप येतेय?' असं विचारलं, तर त्यांची उत्तरं पहिल्या काही दिवसांनंतर फारशी बदलतच नव्हती. चुका वाढत होत्या आणि माणूस म्हणत होता, ठीक आहे मी.

म्हणून 'मला जमतंय' या वाक्यावर निर्णय घ्यायचा नाही, आणि 'तुझे डोळे बघ कसे झालेत' या आईच्या वाक्यावरही नाही. अंदाजावर अंदाज लढवण्यापेक्षा मोजून बघितलेलं बरं.

लॉस एंजेलिसमध्ये पाचशेहून जास्त शाळकरी मुलांनी चौदा दिवस अभ्यासाची आणि झोपेची नोंद ठेवली होती. २०१३ मध्ये ते निष्कर्ष छापून आले. ज्या दिवशी मुलानं नेहमीची झोप कापून जास्त अभ्यास केला, त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात न समजणं आणि चाचणी बिघडणं वाढलेलं दिसलं. मुळात कोण किती अभ्यास करतो यानं त्यात फरक पडत नव्हता. भरपूर अभ्यास करणाऱ्यांचंही तसंच झालं. म्हणजे तोटा जास्त अभ्यासाचा नव्हता, तो झोपेतून काढलेल्या अभ्यासाचा होता. आपल्या पोराचा प्रश्न हाच आहे.

रात्रीचं काय उरलं, ते सकाळी बघायचं

आता चाचणी. लागोपाठच्या दोन रात्री घ्यायच्या. नऊ ते साडेअकरा हा एक भाग आणि साडेअकरा ते दीड हा दुसरा. दोन्ही भागांत सारख्याच जातीचा अभ्यास ठेवायचा. उदाहरणार्थ, दोन्हीकडे रसायनशास्त्राचंच काहीतरी: आधी अल्कोहोल-फिनॉलच्या अभिक्रिया, नंतर अल्डिहाइड-कीटोनच्या. आधी गणित आणि नंतर जीवशास्त्र असं केलं तर तुलना फसते.

झोपण्याआधी प्रत्येक भागावर दहा छोटे प्रश्न एका कागदावर लिहून ठेवायचे, उत्तरं लिहायची नाहीत. दुसऱ्या दिवशी क्लासहून आल्यावर, पुस्तक न उघडता, वीसच्या वीस प्रश्न सोडवायचे आणि दोन्ही भागांचे गुण वेगळे मांडायचे. दुसऱ्या रात्री धडे अदलाबदल करून हेच परत करायचं. एखादा धडा मुळातच सोपा होता म्हणून गुण जास्त आले, अशी शंका त्यामुळे राहत नाही.

खरं तर उशिराच्या भागाला इथे थोडा फायदाच दिलेला आहे. तो नंतर वाचलेला, म्हणजे जास्त ताजा. शिवाय झोपेच्या तोंडावर वाचलेलं चांगलं टिकतं, कारण दिवसभरात शिकलेलं पक्कं करण्याचं काम मेंदू झोपेत करतो. तरीही पहिल्या भागात दहापैकी सात आणि दुसऱ्या भागात तीन-चार असं निघालं, तर सरळ अर्थ असा की रात्री उशिरा ते डोक्यात शिरलंच नव्हतं. डोळे ओळींवरून फिरत होते, एवढंच. दोन्ही भागांत गुण जवळपास सारखे आले, तर त्या पोराला साडेअकरानंतरचा अभ्यास लागू पडतोय. मग आईनं त्या कारणावरून भांडायचं नाही. अशी पोरं असतात. किशोरवयात शरीराचं घड्याळ निसर्गतःच तास-दोन तास पुढे सरकलेलं असतं, त्यामुळे दहाला डोळे न मिटणं हा आळस किंवा हट्ट नव्हे.

पण एवढ्यावर हिशोब पुरा होत नाही. दुसऱ्या दिवशी काय गेलं तेही मांडायला हवं. आपल्या पोराचं मांडू. साडेअकरा ते दीड, म्हणजे एकशे वीस मिनिटं. मोबाईलमधली नोंद उघडली तर त्यातली पस्तीस मिनिटं गप्पा आणि रील्समध्ये गेलेली. उरली पंच्याऐंशी. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून पडला तो अडीच ते चार उठला नाही. नव्वद मिनिटं गेली. संध्याकाळी रात्रीचंच परत वाचायला चाळीस. जमा पंच्याऐंशी आणि खर्च एकशे तीस. हा पोरगा रोज रात्री दोन तास जागून पाऊण तास तोट्यात जातोय, आणि घरादाराला वाटतंय की तो खूप अभ्यास करतोय.

दुपारची झोप वाईट नाही, हे इथेच सांगून टाकतो. वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी, चारच्या आत, गजर लावून घेतली तर संध्याकाळचा अभ्यास चांगला होतो. दीड तासाची झोप मात्र रात्रीची झोप आणखी पुढे ढकलते, आणि त्यातून उठलं की अर्धा तास डोकं जड ते वेगळंच.

एक छोटी चाचणी रोजच्या रोजही करता येते. जे उदाहरण नेहमी सहा-सात मिनिटांत सुटतं, त्याच प्रकारचं एक साडेअकराला घड्याळ लावून सोडवायचं. दहा-अकरा मिनिटं लागली, किंवा चिन्ह चुकलं, एकक लिहायचं राहिलं, तर त्या दिवसाचा अभ्यास संपला. वही मिटायची. एकच ओळ दुसऱ्यांदा वाचावी लागणं हीदेखील खूण आहे, पण आकडा जास्त खात्रीचा.

मोबाईलचे तास एका ढिगात घालू नका

बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये Settings मध्ये Digital Wellbeing असतं, आयफोनमध्ये Screen Time. तिथे कुठल्या ॲपवर किती वेळ गेला हे मिनिटांत दिसतं. आपल्या पोराचा एका दिवसाचा आकडा निघाला सहा तास चाळीस मिनिटं. आईनं एवढाच आकडा बघितला तर फोन कपाटात जाईल, म्हणून तो फोडून बघू. लेक्चर अडीच तास. नोट्सच्या पीडीएफ पन्नास मिनिटं. क्लासचे आणि मित्रांचे व्हॉट्सॲप ग्रुप पाऊण तास. रील्स आणि शॉर्ट्स एक तास पंचावन्न मिनिटं. क्रिकेट आणि किरकोळ चाळीस मिनिटं.

सगळ्यांचा राग रील्सवर असतो. माझा शेवटच्या महिन्यातला खरा आक्षेप त्या अडीच तासांच्या लेक्चरवर आहे. कारण रील्स बघताना पोराला माहीत असतं की आपण वेळ घालवतोय. लेक्चर बघताना वाटतं, अभ्यास झाला. शिकवणारा फळ्यावर गणित सोडवतो, प्रत्येक पायरी पटते आणि पटलं म्हणजे येतंय असा समज होतो. बोर्डाच्या पेपरला कुणी पायऱ्या दाखवत नाही. भौतिकशास्त्राचा लेखी पेपर ७० गुणांचा, गणिताचा ८०, आणि प्रत्येकी तीन तास हातानं लिहायचं असतं. शेवटच्या महिन्यात सराव त्याच गोष्टीचा हवा. वाचलेलं परत वाचण्यापेक्षा, पुस्तक मिटून आठवून लिहिलेलं आठवड्यानंतर जास्त टिकतं, हे अनेक प्रयोगांत दिसलेलं आहे.

म्हणून स्क्रीनची मोजणी मी अशी करायला सांगतो: स्क्रीन बंद केल्यावर कागदावर काय उरलं? लेक्चर थांबवून थांबवून गणित स्वतः सोडवलं असेल तर तो वेळ अभ्यासाचा. नुसतं बघितलं असेल तर तो करमणुकीच्या खात्यात, शिकवणारा कितीही चांगला असो. यावरून जानेवारीसाठी एक नियम निघतो. आधी कागद, मग व्हिडिओ. जुन्या प्रश्नपत्रिकेतला प्रश्न सोडवताना जिथे अडलं तेवढाच भाग लेक्चरमध्ये शोधून बघायचा. सबंध धडा नव्यानं बघायचा नाही. समजा रोटेशनल डायनॅमिक्समध्ये उतारावरून घरंगळणाऱ्या गोलाच्या गणिताला अडला, तर ती बारा मिनिटं बघायची आणि लगेच तसलीच दोन गणितं करायची. दीड तासाचा सगळा धडा परत बघणं म्हणजे अवघड जागेवर बसण्याऐवजी सोप्या जागेत फिरून येणं.

पीडीएफचं सोपं आहे. ज्या पानांवर रोज परत यावं लागतं, ती झेरॉक्स मारून आणा. पन्नास पानांना जे पैसे लागतील ते वसूल होतात, कारण पीडीएफ बघायला फोन हातात घेतला की वरून नोटिफिकेशन आलंच.

व्हॉट्सॲप ग्रुपचा वेळ थोडा दिसतो, पण रात्री साडेअकराला 'हे पाच प्रश्न शंभर टक्के येणार' असा मेसेज पडला की पुढचा तास त्याच्यामागे जातो. पेपर फुटल्याच्या अफवाही याच वेळी फिरतात. दिवसातून एकदा, संध्याकाळी, पंधरा मिनिटं ग्रुप बघितले तरी क्लासची एकही सूचना चुकत नाही.

मग रील्स? शून्यावर आणायचा आग्रह मी धरत नाही. बंदी घातली की पोरं संडासात फोन घेऊन जातात, हे सगळ्या आयांना माहीत आहे. अर्धा तास ठेवावा, पण संध्याकाळच्या खाण्याबरोबर, अंथरुणात नाही.

इथे निळ्या प्रकाशाबद्दल बोलायला हवं, कारण 'नाईट मोड लावलाय की' हे उत्तर फार ऐकू येतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बारा जणांना रोज झोपण्याआधी चार तास, पाच दिवस उजळ पडद्यावर आणि पाच दिवस छापील पुस्तकावर वाचायला लावलं होतं. पडद्यावर वाचलं तेव्हा झोपेचं संप्रेरक, म्हणजे मेलाटोनिन, दबलं, शरीराचं घड्याळ उशिरा सरकलं आणि झोप लागायला सरासरी दहाएक मिनिटं जास्त लागली. चार तासांच्या प्रकाशानं दहा मिनिटं. अंथरुणातल्या रील्सनं मात्र आपल्या पोराचे दीड ते दोन हा अर्धा तास रोज जातो, कधी तास. प्रकाशापेक्षा 'अजून एकच' हे जास्त महाग पडतं, आणि नाईट मोड त्यावर काहीच करत नाही. रात्री फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावणं आणि गजराला साधं घड्याळ वापरणं एवढ्यानं काम होतं. एकाच खोलीचं घर असेल तर फोन आईच्या उशाशी.

बदल केल्यावर आपल्या पोराचा दिवस असा बसतो: अडलेल्या जागांचे व्हिडिओ एक तास, पीडीएफ अर्धा तास, ग्रुप पंधरा मिनिटं, रील्स अर्धा तास, किरकोळ वीस मिनिटं. एकूण दोन तास पस्तीस मिनिटं. चार तास पाच मिनिटं मोकळी झाली. त्यातले तीन तास एका पूर्ण पेपरला द्यायचे, तोही सकाळी अकरा ते दोन, पेपरच्याच वेळेला. उरलेला तास झोपेत घालायचा.

सीईटी देणाऱ्यांसाठी यात एक फरक आहे. एमएचटी-सीईटी संगणकावर असते, दीड-दीड तासांचे दोन भाग आणि गणित गटाला मिळून दीडशे प्रश्न. तिथे पडद्यावर प्रश्न वाचून शेजारच्या कागदावर कच्चं काम करायची सवय लागते, म्हणून त्या परीक्षेच्या आधीच्या महिन्यात रोज किंवा दिवसाआड तीन तासांची स्क्रीन ही गरज आहे, चैन नाही. फक्त ती संगणकावर असू द्या. मोबाईलच्या पडद्यावरची टेस्ट आणि परीक्षा केंद्रातला संगणक यांत फार अंतर पडतं.

अकराच्या पेपरपासून मागे मोजत या

आता रात्रीची वेळ ठरवू. पेपर अकराला, केंद्रावर साडेदहाच्या आत. उचगावहून शहरातलं केंद्र, वाटेत गर्दी, म्हणून साडेनऊला घरातून निघायचं. उठल्यावर डोकं पूर्ण जागं व्हायला अर्धा तास ते तास लागतो, शिवाय आंघोळ, नाश्ता, एकदा सूत्रांवरून नजर. सातला उठायला हवं. आठ तास मागे गेलं की अकरा वाजतात. म्हणजे पेपरच्या दिवसांत या पोराला रात्री अकराला झोप लागलेली असली पाहिजे. आज तो दोनला झोपतो.

'मग पेपरच्या आदल्या दिवशी लवकर झोपेन' हा बेत हमखास फसतो, त्यामागे कारण आहे. रोजच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास शरीर उलट जास्त सावध असतं. दोनला झोपणाऱ्याला अकराला अंथरुणात घातलं तर तो नेमका त्या सावध वेळेत आडवा होतो. कूस बदलतो, घड्याळ बघतो, उद्याच्या पेपरची भीती चढते, आणि शेवटी दोनच वाजतात. फक्त आता भीतीसकट.

शरीराचं घड्याळ अर्ध्या-अर्ध्या तासानं मागे येतं. दर दोन दिवसांनी अर्धा तास धरला तर दोनवरून अकरावर यायला सहा पायऱ्या, म्हणजे बारा दिवस. आपल्या पोराचं वेळापत्रक असं: २५ जानेवारीला दीड, २७ ला एक, २९ ला साडेबारा, ३१ ला बारा, २ फेब्रुवारीला साडेअकरा आणि ४ फेब्रुवारीला अकरा. पहिल्या पेपरपर्यंत अकराला झोपायच्या सहा रात्री हातात राहतात, आणि एखादा दिवस प्रॅक्टिकलमुळे किंवा घरच्या लग्नामुळे बिघडला तरी जागा उरते. २५ जानेवारीच्या आधी तो किती वाजता झोपतो यावर मी फार अडून बसणार नाही, वरची चाचणी जे सांगेल ते. २५ नंतर मात्र वेळ पेपर ठरवतो.

यात झोपायच्या वेळेपेक्षा उठायची वेळ महत्त्वाची. झोप लागणं आपल्या हातात नसतं, उठणं असतं. रोज सातच्या आत उठायचं आणि रविवारीही आठच्या पुढे जायचं नाही. रविवारी अकरापर्यंत झोपलं की त्या रात्री परत दोन वाजतातच, आणि आठवडाभराचं मागे आणलेलं एका सकाळीत पुढे जातं. आईचा जीव तुटतो ते समजतं, पण त्या रविवारच्या झोपेपेक्षा शनिवारी तासभर आधी दिवा बंद करणं पोराच्या जास्त कामाचं.

उठल्यावर वीस मिनिटं बाहेरच्या उजेडात. गच्चीवर, गल्लीत, शक्य असेल तर रंकाळ्यावर. खोलीतल्या ट्यूबलाईटचा उजेड काही शे लक्सच्या आतला असतो, बाहेर ढगाळ सकाळीसुद्धा तो हजारांत जातो, आणि घड्याळ मागे आणायला शरीराला तोच उजेड लागतो. पुस्तक हातात घेऊन फिरलं तरी चालतं.

चहाचंही वेळापत्रक मागे घ्यावं लागतं. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. एका कप चहात ढोबळमानानं ४० मिलिग्रॅम असतं. रात्री अकराच्या चहातलं निम्मं पहाटे चारला अजून अंगात फिरत असतं. पानपट्टीवर मिळणाऱ्या एनर्जी ड्रिंकच्या अडीचशे मिलीत ७० ते ८० मिलिग्रॅम असतं, आणि त्याच्या लेबलवर ते लहान मुलांसाठी नसल्याचं छापलेलं असतं, बारीक अक्षरात. संध्याकाळी पाचनंतर चहा नको. जागायला चहा लागतोय, हीच तर थांबायची खूण.

आजी म्हणते, पहाटे उठून कर अभ्यास. पहाट शांत असते हे खरं, पण तिच्यात वेगळी जादू नाही. आजी स्वतः नऊला झोपायची, म्हणून चारला उठायची. एकला झोपून चारला उठवलेल्या पोराची सगळ्यात मोठी चोरी होते, कारण झोपेच्या उत्तरार्धात येणारा स्वप्नांचा टप्पा बराचसा कापला जातो. रात्री साडेनऊला झोपणार असाल तरच पहाटेचा बेत करा.

आणि रात्री अभ्यास करण्यामागे कित्येक घरांत कारण अगदी साधं असतं: त्याआधी घर शांतच नसतं. साडेदहापर्यंत मालिका चालू, पाहुणे, शेजारच्या हॉलमध्ये वरात. अशा घरात 'लवकर झोप' असं सांगून उपयोग नाही. संध्याकाळी सहा ते नऊ अभ्यासिकेत बसायची सोय केली, किंवा महिनाभर टीव्ही नऊला बंद केला, तर पोरगं आपसूक लवकर झोपतं.

हे वहीतल्या हिशोबापलीकडचं

कधी प्रश्न वेळापत्रकाचा नसतो. दिवा बंद करून, फोन दूर ठेवूनही आठवडाभर तास-दोन तास झोप लागत नाही, छातीत धडधडतं, जेवण कमी झालंय, पेपरचं नाव काढलं की रडू येतं, 'मला नकोच झालंय सगळं' असं बोलणं आहे, तर झोपायची वेळ बदलून काही होणार नाही. डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेली-मानस ही फोनसेवा १४४१६ वर दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. पोरगं स्वतः फोन करू शकतं, आईही करू शकते. आणि रात्रभर जागून फोनवर असणारं प्रत्येक पोरगं मजा मारत असतं असं नाही. काही जण झोपायला घाबरतात, कारण झोपलं की सकाळ लवकर येते.

राहता राहिली पेपरच्या आदली रात्र. बारा दिवस नीट पाळूनही त्या रात्री झोप उडू शकते, निम्म्या वर्गाची उडते. एका रात्रीच्या कमी झोपेनं अकराचा पेपर बुडत नाही. आधीचा आठवडा भरलेला असेल तर तीन तास लिहिण्याइतकी शक्ती असते. बुडवतं ते 'नाहीतरी झोप येत नाही' म्हणून दोनला उठून नवा धडा उघडणं. पडून राहायचं, डोळे मिटून, घड्याळ भिंतीकडे फिरवून. अर्ध्या तासानंतरही तगमग असेल तर उठून मंद दिव्यात बसायचं, आधीच लिहून झालेलं सूत्रांचं एक पान चाळायचं, जांभई आली की परत आडवं व्हायचं. पेपर संपवून घरी आल्यावर प्रश्नपत्रिका सोडवून दाखवणारे व्हिडिओ बघायचे नाहीत. झालेल्या पेपरचा गुण त्यानं वाढत नाही, पुढच्या पेपरची रात्र मात्र जाते. जेवायचं, पंचवीस मिनिटं झोपायचं आणि चारला पुढच्या विषयाची जुनी प्रश्नपत्रिका घेऊन बसायचं.